रूममेटला शांततेच्या वेळेचं पत्र द्यावं का?

पहिली_पाळी
इंदिरानगरला एका खोलीत आम्ही दोघं राहतो. मी अंबडला कारखान्यात आहे, सकाळी ७ ची पाळी असली की सव्वापाचला उठतो. रूममेट एमपीएससीचा अभ्यास करतो. रात्री दोनपर्यंत ट्यूब चालू, अधूनमधून मित्रांचे फोन. माणूस चांगला आहे, भांडण करायचं नाही. म्हणून पत्र लिहिलंय: "रात्री १० ते सकाळी ६ खोलीत शांतता राहावी आणि साडेदहाला लाइट बंद व्हावेत, ही विनंती." द्यावं का? काही बदलू का?

गोदाकाठ
अजिबात देऊ नका. ज्याच्याबरोबर रोज एका ताटात जेवतो त्याला कुणी कागद देतं का? उशीवर चिठ्ठी सापडली की पहिला विचार येतो, 'एवढं काय झालं की हा तोंडाने बोलूही शकला नाही?' रविवारी सकाळी मिसळ खायला घेऊन जा आणि तिथे सांगा. आमच्या खोलीत असाच एक कागद भिंतीवर लागला होता. नंतर दोन महिने आम्ही एकमेकांशी कामापुरतंच बोलायचो.

नियम_म्हणजे_नियम
पत्रच द्या, आणि त्यात कायदा घाला. रात्री १० ते सकाळी ६ शांतता हा सरकारी नियम आहे, निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. विनंती कसली करता, हक्क आहे तुमचा.

वसतिगृहवाल्या_काकू
आकडे तुमचे बरोबर आहेत, पण ते इथे लागू पडत नाहीत. २००० सालचा तो नियम लाउडस्पीकर, हॉर्न, फटाके, बांधकामाची यंत्रं असल्या आवाजांसाठी आहे. दोन माणसं एका खोलीत किती वाजेपर्यंत जागतात, यात तो पडत नाही. पत्रात कायदा दिसला की समोरचा वाचायचा थांबतो आणि उत्तर शोधायला लागतो.

मी नोकरी करणाऱ्या मुलींचं वसतिगृह बरीच वर्षं सांभाळलं. खोलीतली निम्मी भांडणं झोपेवरूनच व्हायची. मूळ पोस्ट लिहिणाऱ्या दादांना सांगते, तुमच्या पत्रात एक मोठी गोष्ट राहिली आहे. तो दोनला झोपतो आणि तुम्ही सव्वापाचला उठता. गाढ झोप असते ती मुख्यतः झोप लागल्यानंतरच्या पहिल्या तीन-चार तासांत. म्हणजे त्याची ट्यूब तुमची सुरुवातीची झोप खाते आणि तुमचा गजर त्याची. गजर पहिल्यांदा वाजला की उठता, की दोन-तीनदा पुढे ढकलता? ट्यूब लावून कपडे शोधता? डबा भरताना स्टीलची झाकणं वाजतात? त्यालाही सांगायचं असेल, फक्त त्याने लिहिलं नाही.

म्हणून पत्राची सुरुवात तुमच्या सकाळपासून करा. साधारण असं:

"तू उशिरा झोपतोस आणि माझ्या गजराने तुझी झोप मोडते, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. उद्यापासून मोबाइल उशीखाली, फक्त थरथरणारा गजर. कपडे आणि डबा रात्रीच बाहेर काढून ठेवीन, सकाळी फक्त बाथरूमचा दिवा लावीन. मला तुझ्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. साडेदहानंतर मोठी ट्यूब बंद करून टेबल लॅम्पवर वाचशील का? आणि फोन आला तर गॅलरीत जाशील का? पंधरा दिवस करून बघू. तुला जमत नसेल ते याच कागदाच्या मागे लिही."

लाइट आणि आवाज वेगवेगळे मागितलेत, हे बघा. त्याला वाचायला उजेड लागतो, अख्ख्या खोलीत उजेड लागत नाही. लॅम्प पिवळ्या बल्बचा, कमी वॅटचा घ्या. तो भिंतीकडे तोंड करून ठेवा. पापण्या मिटल्या तरी उजेड आत येतो. चालतंय की नाही ते तुमच्या उशीवर डोकं ठेवून बघा. बल्ब थेट दिसला तर टेबल फिरवा. लॅम्पचे पैसे तुम्ही द्या, गरज तुमची आहे.

दोनपर्यंत_जागा
मी त्या रूममेटच्या जागी आहे, म्हणून लिहितो. भाडं निम्मं मी भरतो. साडेदहा ही वेळ कुणी ठरवली? मेसवरून यायला नऊ होतात, खरा अभ्यास साडेनऊनंतर सुरू होतो. काकूंचा लॅम्प मान्य आहे, पण नकाशे आणि तक्ते टेबलावर पसरून बसायचं असतं तेव्हा लॅम्प पुरत नाही. 'अभ्यासिकेत जा' असं सगळे सांगतात. तिथून बाराला परत आल्यावर कुलूप, कडी, सँडल, बाथरूमचं दार, हा आवाज वाचण्याच्या आवाजापेक्षा जास्त असतो. मला पत्र आलं तर राग येणार नाही, पण त्यात वेळ आधीच ठरलेली असेल तर येईल.

सिडको_जुने
आमच्याही वरच्या मजल्यावर रात्री अकराला फर्निचर सरकवतात. सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी अर्ज दिला, तेव्हा कमी झालं. तुम्हीही घरमालकाला अर्ज द्या.

गोदाकाठ
काका, इथे वरचा मजला नाही, एकच खोली आहे. घरमालकाला मध्ये घातलं तर उद्या दोघांनाही खोली सोडायला सांगेल.

रात्रपाळीची_परिचारिका
माझी शांततेची वेळ सकाळी ९ ते दुपारी ४ आहे. रूममेटच्या दृष्टीने तो दिवस असतो, त्यामुळे मिक्सर, रील्स, कामवाल्या मावशींची भांडी, सगळं तेव्हाच. 'रात्री १० ते ६' लिहिणाऱ्यांना एक विचारते, तुमची पाळी बदलत नाही का?

पहिली_पाळी
बदलते. दर आठवड्याला. दुसऱ्या पाळीला ३ ते ११, घरी यायला पावणेबारा. तेव्हा मी जेवतो, आंघोळ करतो, आणि त्याचा सगळ्यात चांगला अभ्यास तेव्हाच चालू असतो. हे मी पत्रात लिहिलंच नव्हतं. गजराचंही खरं आहे, तीनदा वाजतो.

वसतिगृहवाल्या_काकू
मग घड्याळाची वेळ पत्रातून काढा. दाराच्या आत एक छोटी पाटी लावा. झोपणाऱ्याने संध्याकाळी तिच्यावर दोनच आकडे लिहायचे, झोपायची वेळ आणि उठायची वेळ. झोपायच्या वेळेपासून पहिले तीन तास मोठी ट्यूब नाही, खोलीत फोन नाही. त्यानंतर थोडी सूट. नियम दोघांना सारखाच. परीक्षेआधीचे आठ दिवस वेगळे, ते आधी सांगायचे. आमच्याकडे जे ठरलेलं मोडायचं ते बहुतेक या न सांगितलेल्या दिवसांवरूनच.

अजून एक, थंडीचं. आता पंखा चालू आहे, त्याच्या घरघरीत पानं उलटल्याचा, कीबोर्डचा आवाज बुडतो. आपल्याकडे डिसेंबरात पंखे बंद होतात आणि पेन ठेवल्याचाही आवाज ऐकू येतो. तेव्हा 'हा मुद्दाम करतो' असं वाटायला लागतं. तो करतो तेवढंच करत असतो, फक्त पंखा बंद झालेला असतो. त्या वेळी पुन्हा एकदा बसून बोला.

गोदाकाठ
पाटी पटली. पत्र अजूनही पटत नाही. एवढं सगळं बोलूनच ठरवता येतं.

दोनपर्यंत_जागा
मला उलट कागद बरा वाटतो. समोर बसून कुणी विचारलं की मी 'हो हो' म्हणून टाकतो आणि नंतर जमत नाही. कागदावर विचार करून 'साडेदहा नाही, सव्वाअकरा' असं लिहिता येतं.

पहिली_पाळी
काल रात्री लॅम्प आणला आणि काकूंचं पत्र माझ्या शब्दांत लिहून हातात दिलं, उशीवर ठेवलं नाही. वेळेची जागा रिकामी सोडली होती. त्याने मागे लिहिलंय: "११. रविवारी सूट. आणि सकाळी कपाटाचं दार लावू नकोस, उघडंच ठेव, ते करकरतं." कपाटाचं मला माहीतच नव्हतं. अकरा मला उशीर होतो, सव्वापाचला उठायचं म्हणजे सहा तासच मिळतात. पहिल्या पाळीच्या आठवड्यात साडेदहा मागू का, की आधी हे पंधरा दिवस जाऊ देऊ?

रात्रपाळीची_परिचारिका
जाऊ द्या. आणि कपाटाच्या बिजागरीला आजच तेल घाला.