दही आंबट होऊ नये म्हणून तुम्ही ते फ्रिजमध्ये कधी ठेवता? (अनुभव धागा)

अदमुरी
काल रात्री अकराला अंथरुणावर पडले आणि एकदम आठवलं, दही ओट्यावरच राहिलंय. उठायचा कंटाळा केला. सकाळी सहाला झाकण काढलं तर कडेने पिवळसर पाणी सुटलेलं आणि चव अशी की एक डोळा आपोआप मिटला.

लहानपणी आई रात्री मध्येच उठायची. स्वयंपाकघरातला दिवाही लावायची नाही, फ्रिज उघडला की त्याच्याच उजेडात काम. दह्याचं भांडं एका बाजूला जरासं कलतं करायची, बघायची आणि आत सरकवायची. आम्ही हसायचो, "आई दह्याला निजवायला गेली." तिचं दही तिसऱ्या दिवशीही गोडसर असायचं. माझं दुसऱ्याच दिवशी संपवावं लागतं.

तुमचे अनुभव लिहा. कोण कधी ठेवतं, आणि फरक खरंच पडतो का?

रात्रपाळी
निजवायला गेली 😂😂 आमच्याकडे हे काम बाबांचं होतं.

टोपभर_दूध
फ्रिजमध्ये ठेवलं की विरजण झोपतं, आंबणं थांबतं. त्यामुळे कधी ठेवलं याने काही फरक नाही. ठेवलं म्हणजे झालं.

शांताराम_दूधवाले
वरचं अर्धं बरोबर आहे. झोपतं, पण गाढ नाही. फ्रिजमध्येही आंबटपणा हळूहळू वाढतच राहतो. आणि आत जाताना दही जितकं आंबट असेल तिथूनच पुढची मोजणी सुरू होते.

मी बरीच वर्षं डेअरीत दह्याच्या विभागात होतो. तिथे घड्याळ बघून दही थंड करत नाहीत, आम्लता मोजतात. पीएच साधारण ४.६ ला आला की दही धरलेलं असतं, त्याच वेळी थंड करायला घ्यायचं. आणखी तासभर थांबलं तर दही जास्त घट्ट होईल असं वाटतं. तसं होत नाही, आंबट मात्र होतं. घट्टपणा नंतर थंडाव्यात येतो.

घरी पीएच कोण मोजणार? अदमुरी यांच्या आई करायच्या तेच करायचं. भांडं जरा कलतं करा. मधला भाग दुधासारखा वाहिला तर अजून वेळ आहे. सगळं एकजीव थरथरलं आणि कडेला पाणी नसेल, तर हीच वेळ. पाणी दिसलं की उशीर झाला.

मुक्ता_क
माझं दही लागतच नाही हो, आंबट होण्याचं सुख तरी द्या! दूध किती कोमट हवं??

रात्रपाळी
@मुक्ता_क करंगळी बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे. सातलाच ओरडलात तर विरजण मेलं समजा.

मुक्ता_क
मी पाचला ओरडते. कळलं 🙈

अवलकाकू
मी गेल्या आठवड्यात करूनच पाहिलं. एक लिटर दूध, एकच चमचा विरजण, नीट ढवळून चार सारख्या स्टीलच्या वाट्यांत ओतलं. संध्याकाळी सहाला लावलं. साडेदहाला वाटी कलती केली तर दही धरलेलं, थरथरत होतं. पहिली वाटी तेव्हाच फ्रिजमध्ये. दुसरी साडेबाराला (सिरीज बघत जागी होते, पुण्य नाही). तिसरी सकाळी साडेसहाला. चौथी यजमानांनी रात्रीच चमच्याने उकरून "लागलंय का बघतो" म्हणून संपवली, ती प्रयोगातून बाद.

सकाळी पहिली वाटी सुरीने कापावी अशी. म्हणजे रात्री लिबलिबीत वाटलं ते उगाच. तिसऱ्या दिवशी चव घेतली. पहिली गोड, शेवटी किंचित आंबट. दुसरी आंबटगोड, मला तर हीच आवडली. तिसरी पाणी सुटलेली आणि दात आंबवणारी. पाचव्या दिवशी पहिलीही आंबट झाली होती, म्हणजे जादू नाही. दोन दिवस जास्त मिळतात एवढंच.

टोपभर_दूध
काकू मग माझं काय चुकतं? मी वेळेवर ठेवतो, अगदी कवडी पडल्या पडल्या. तरी दुसऱ्या दिवशी आंबट. दोन लिटरचा टोप असतो.

शांताराम_दूधवाले
टोपच चुकतो! रात्री ठेवल्यावर दोन-तीन तासांनी मध्यभागी स्वच्छ चमचा खुपसून बघा, आत कोमट लागेल. बाहेरून गार, पोटात ऊब. तुम्ही फ्रिजमध्ये ठेवलंत, पण मधलं दही अजून ओट्यावरच आहे असं धरा. काकूंच्या पाव लिटरच्या वाट्या लवकर गार झाल्या, म्हणून त्यांची वेळ साधली. दूध विरजतानाच लहान, उथळ भांड्यांत ओता. लागलेलं दही नंतर दुसऱ्या भांड्यात काढू नका, मोडतं आणि पाणी सोडतं.

टोपभर_दूध
आता आयडी बदलावा लागणार.

अदमुरी
😄 आईचं भांडं पसरट होतं हे आत्ता आठवलं. ती कधी काही बोलली नाही याबद्दल.

सट_आणि_चटका
मातीच्या सटात लावून बघा. माती पाणी शोषते, दही घट्ट होतं. आंबटही कमी होतं असा माझा अनुभव.

शांताराम_दूधवाले
घट्ट होतं हे मान्य. पण जाड सट गार व्हायला वेळ लावतो, त्यामुळे आंबट कमी कसं, हे मला पटत नाही.

सट_आणि_चटका
आमच्याकडे होतं बुवा. बाकी तुम्ही जाणकार.

रात्रपाळी
माझा उलटा अपघात. कामावर निघायची घाई, मध्यभागी दूधच होतं तरी आत ठेवलं. सकाळी परतलो तर वर दह्याची साय आणि खाली पांढरं पाणी. बाहेर काढून चार तास ठेवलं, लागलं कसंबसं, पण लिबलिबीत. आता रात्रपाळी असली की दुपारी लावतो आणि निघायच्या आधी आत टाकतो.

मुक्ता_क
मग रात्री झोपायच्या आधी लावणाऱ्यांनी काय करायचं? माझ्याच्याने उठणं होणार नाही.

अवलकाकू
विरजण कमी घाल आणि दूध जरा जास्त निवू दे. सावकाश लागतं, सकाळी उठशील तेव्हा धरलेलं असतं. थंडीत हे छान जमतं. उन्हाळ्यात मात्र मीही हरते, तेव्हा सरळ दुपारी लावते. आणि विरजणाची वाटी पहिल्याच दिवशी वेगळी काढून ठेव. तळाचं चार दिवसांचं आंबट दही वापरलंस तर पुढचंही लवकर आंबतं.

दारातली_बाटली
आमचा फ्रिज दाराच्या कप्प्यात गारच करत नाही. मेकॅनिक तीनदा येऊन गेला, म्हणतो गॅस ठीक आहे. कुणाला अनुभव?

रात्रपाळी
@दारातली_बाटली दार दिवसभर उघडबंद होतं, तिथे तसंच असतं. दही तिथे ठेवता का? मागे, भिंतीकडे सरकवा. पण अगदी चिकटवू नका, माझं एकदा गोठलं होतं.

अदमुरी
आज साडेपाचला तीन पसरट डब्यांत लावलं. आत्ता दहा वाजून दहा मिनिटं. एक कलता केला, मध्ये अजून जरा वाहतंय. अर्ध्या तासाचा गजर लावलाय. लेक विचारतेय, आई, दही काय रडतंय का रात्री?