ईयोब 13:15 – ओळीतलं घ्यायचं की समासातलं?

मृण्मयी: ईयोबाच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद तपासतेय. 13:15 मध्ये मूळ हिब्रूच्या ओळीत "लो" हा शब्द अलेफ या अक्षराने लिहिलाय, म्हणजे "नाही". समासात सांगितलंय की तो वाव या अक्षराने वाचा, म्हणजे "त्याची". एकीकडे "तो मला ठार मारील, मला आशा नाही", दुसरीकडे "त्याने मला ठार मारलं तरी मी त्याची आशा धरीन". मजकुरात कोणतं घ्यावं, तळटिपेत कोणतं?

जॉनकाका: यात वाद कसला? नकलाकाराची चूक झाली की समासात दुरुस्ती, प्रूफ तपासतात तसं. वाचायचं जे सांगितलंय तेच छापायचं. चुकीचा शब्द कोण छापतं?

भालचंद्र: काका, चूकच वाटली असती तर खोडून नीट लिहायला त्यांचं काय जात होतं? मासोरेत मंडळींनी, म्हणजे हिब्रू बायबल जपणाऱ्या जुन्या यहुदी पंडितांनी, ओळीतल्या अक्षराला हात लावला नाही. 1008 च्या सुमाराचं लेनिनग्राड हस्तलिखित बघा. शब्दावर बारीकसं वर्तुळ, समासात वाचायची अक्षरं आणि शेजारी "कोफ", म्हणजे "वाचा" अशा अर्थाच्या शब्दाचं पहिलं अक्षर. दोन्ही परंपरा जपल्यात, एकीने दुसरीला पुसलेलं नाही. काही ठिकाणी समासातला शब्द दुरुस्ती नसून निव्वळ सभ्यपणा आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात 28:30 मधलं क्रियापद चारचौघांत उच्चारायला ओशाळवाणं, म्हणून वाचताना सौम्य शब्द घेतात. तिथे ओळीतलं लेखन चुकलेलं नाहीच.

ईयोबातली गंमत आणखी वेगळी. एरवी "वाचा" म्हटलं की आवाज बदलतो. इथे दोन्ही "लो" कानाला सारखेच, म्हणजे सभास्थानात ऐकणाऱ्याला समास आहे की नाही हे कळायचंही नाही. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात, सोटा 5:5 मध्ये, हाच पेच आलाय. तिथे सरळ म्हटलंय की बोल समतोल आहे, "त्याची आशा धरतो" की "आशा धरत नाही" हे यावरून ठरत नाही. मग निकालासाठी ते ईयोबाच्याच 27:5 कडे जातात, "मरेपर्यंत मी माझी सचोटी सोडणार नाही". समासावर बोट ठेवून वाद मिटवत नाहीत.

रूथ_अलिबाग: आमच्याकडे वडील गेले तेव्हा हेच वचन वाचलं होतं, "तरी मी त्याची आशा धरीन". ते आता तळटिपेत ढकलणार? बाकी आमच्याकडे देवाचं नाव चार अक्षरांत लिहिलेलं असतं आणि वाचताना "अदोनाय" म्हणतात. तेही हेच ना? मग तिथे सगळे वाचलेलंच का धरतात?

भालचंद्र: ते त्याच जातीचं, पण ठरलेलं आहे. दर वेळी समासात टीप नसते आणि अर्थाचा वादही नाही. इथे अर्थच उलटतो.

निनाद: मी समासाच्या बाजूचा. इंग्रजीतलं 1611 चं किंग जेम्स भाषांतर इथे "त्याची आशा" घेतं, लॅटिन वल्गातही तेच. शिवाय पुढच्याच ओळीत, 13:16 मध्ये, "यातच माझं तारण" आहे. आशा नसलेला माणूस तारणाची भाषा कशी करेल?

भालचंद्र: पण त्याच किंग जेम्सने स्तोत्र 100:3 मध्ये उलटं केलंय, ते सांगितलं नाहीस. तिथेही हाच अलेफ-वाव पेच. त्यांनी ओळीतलं घेतलं, "त्यानेच आम्हांला निर्माण केलं, आम्ही स्वतः नव्हे". 1952 च्या इंग्रजी सुधारित प्रमाण आवृत्तीने दोन्हीकडे बरोबर उलट केलं. स्तोत्रात "आम्ही त्याचे", ईयोबात "आशा नाही". मला तेच पटतं. स्तोत्रात लगेच "त्याची प्रजा, त्याच्या कुरणातली मेंढरं" येतं, म्हणजे समासातला शब्द वाक्यात चपखल बसतो. ईयोबात पुढचा शब्द आहे "अख", म्हणजे "तरी". "आशा नाही, तरी माझा मार्ग त्याच्या तोंडावर मांडीन" हे सरळ वाहतं. "आशा धरीन, तरी वाद घालीन" म्हणताना अडखळायला होतं.

निनाद: अडखळतं म्हणूनच कोणा नकलाकाराने ते सोपं करून अलेफ घातला नसेल कशावरून?

भालचंद्र: घातला असेलही. पण धार्मिक कानाला बोचणारा शब्द अलेफवालाच आहे, म्हणून तो वावने मऊ करण्याची शक्यता मला जास्त वाटते. आणि मृण्मयी, अलेफ घेतला तरी "आशा नाही" एवढाच अर्थ नाही. हेच क्रियापद 6:11 मध्ये "मी वाट पाहावी असं माझं बळ ते काय" असं येतं. म्हणजे इथे "मी थांबणार नाही, बोलूनच टाकणार" असंही निघेल.

मृण्मयी: मग मजकुरात "तो मला ठार मारील, मी वाट पाहणार नाही" आणि तळटिपेत "किंवा : तरी मी त्याची वाट पाहीन, समासातल्या वाचनाप्रमाणे". क्रियापद दोन्हीकडे "वाट पाहणे"च ठेवलं, म्हणजे फरक एका अक्षराचाच आहे हे वाचणाऱ्याला दिसेल.

रूथ_अलिबाग: आणि मयतीला वाचणारा तळटीप वाचतो का?

जॉनकाका: तेच म्हणतोय मी. टीप फक्त तुम्ही लोक वाचता.