उ: सुट्टी ऐनवेळी बदलली तर

>> "सुट्टी ऐनवेळी जाहीर झाली तर पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय तपासायचं?"

माझी आवडती केस २०२५ ची ईद-ए-मिलाद. अनंत चतुर्दशी शनिवारी ६ सप्टेंबरला होती, म्हणून सरकारने शुक्रवार ५ ची सुट्टी सोमवार ८ ला नेली. पण फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांत. ठाण्यात ५ च राहिली. (खासगी कंपनी आपलं वेगळं ठरवू शकते, ते आधी एचआरला विचारा.)

टेस्ट सर्व्हरचं घड्याळ ऑगस्टवर ठेवा. अंधेरी आणि ठाणे ऑफिसातल्या एकेका माणसाची ८ ते १० सप्टेंबरची रजा मंजूर करा. शिल्लक १२ वरून ९ होईल. मग घड्याळ ४ सप्टेंबरवर नेऊन सुट्ट्यांची नवी यादी चढवा. अंधेरीवाल्याची शिल्लक १० व्हायला हवी, ठाणेवाल्याची ९ च. दोघांची १० झाली, तर सुट्टी जिल्ह्याऐवजी राज्याला जोडलेली आहे.

आता तीच यादी पुन्हा चढवा. शिल्लक बदलायला नको. आमच्याकडे अंधेरीवाल्याची ११ झाली होती! शेवटी, अंधेरीत ५ तारखेला आधीच लावलेली दुप्पट पगाराची शिफ्ट साध्या दरावर आली का, तेही बघा.