प्रतिसाद: भाग वाढतात कुठून?

परदेशी मालिका डब होऊन आली की तिचे भाग मूळपेक्षा जास्त कसे, यावर एकाचं म्हणणं: "डबिंगवाले पाणी घालून मालिका लांबवतात."

पाणी नाही, कात्री. 'ग्युम्युश' ही तुर्की मालिका मूळ १०० भागांची. २००८ मध्ये एमबीसी या अरबी वाहिनीवर अरबीच्या सीरियन बोलीत 'नूर' नावाने आली तेव्हा तिचे १५४ भाग झाले. तुर्कस्तानात आठवड्याला एकच भाग दाखवतात, तोही सिनेमाएवढा लांब. बाहेरच्या वाहिनीला मात्र रोजचा तासभर भरायचा असतो, त्यात जाहिराती. मग एका भागाचे दोन-तीन होतात. उलट आक्षेपार्ह प्रसंग कापून लांबी थोडी घटतेच.

हे ओळखणं सोपं आहे. मूळ भागाचा शेवट असेल तिथे धक्का बसतो, संगीत चढतं. मधला तुकडा बोलता बोलता, चहाचा कप हातात असतानाच संपतो. हिंदीत आलेली तुर्की 'फातमागुल' बघताना मला तर याचाच वैताग यायचा.