‘असत्य आहे’ की ‘सत्य असेलच असे नाही’? नववीच्या पेपरातला एका गुणाचा प्रश्न

खडूफळा
नववीच्या भूमितीच्या चाचणीचा पेपर काढतेय. आमच्या शाळेत (पुण्यातच, नाव नको) एक तुकडी मराठी माध्यमाची आणि दोन सेमीच्या. पेपर एकच, भाषा दोन. मी आधी इंग्रजीत काढला आणि मग मराठीत आणला. पर्यायी प्रश्नांपैकी एकावर स्टाफरूममध्ये घोडं अडलंय.

इंग्रजीत विचारलंय, रॉम्बसच्या बाबतीत पुढीलपैकी काय ‘नीड नॉट बी ट्रू’? पर्याय असे: (अ) चारही बाजू समान, (ब) कर्ण एकमेकांना लंब, (क) कर्ण समान, (ड) संमुख कोन समान. उत्तर (क).

मराठीत मी लिहिलं, ‘समभुज चौकोनाबाबत पुढीलपैकी कोणते विधान सत्य असेलच असे नाही?’ आमच्या ज्येष्ठ सरांनी ते खोडून ‘कोणते विधान असत्य आहे?’ केलं. म्हणाले, मुलांना सुटसुटीत लागतं, तुमचं वाक्य वाचताना धाप लागते. मला मात्र अर्थ बदलल्यासारखा वाटतो. ‘नीड नॉट बी’ला मराठीत काही ठरलेला शब्द आहे का?

पेठकर
आहे की. ‘सत्य असणे आवश्यक नाही’. चार शब्दांत काम होतं. बाकी पेपर इंग्रजीत काढून मराठीत ओतायचा, हीच उलटी गंगा. आमच्या वेळी पेपर मराठीत निघायचा आणि ज्याला इंग्रजी हवं तो आपलं बघून घ्यायचा.

दुभाष्या
पेठकर, ‘आवश्यक नाही’ व्याकरणात बसतं, पण चौदा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात ते ‘नसलं तरी चालेल’ असं उतरतं. जणू पेपर काढणाऱ्याने सवलत दिलीय. ‘असेलच असे नाही’ हे तो घरी रोज ऐकतो. ‘बस वेळेवर येईलच असं नाही’ म्हटल्यावर त्याला फोड करून सांगावी लागत नाही. ताईंचंच ठेवा.

सरांच्या बदलाने काय होतं ते एका मुलीला समोर बसवून बघा. तिला ठाऊक आहे की चौरस हाही समभुज चौकोनच, कारण त्याच्या चारही बाजू समान. ती कडेला एक चौरस काढते, त्याचे कर्ण समान निघतात. मग (क)ला असत्य कसं म्हणायचं? (अ), (ब), (ड) तर कायमच खरे. म्हणजे तिच्या दृष्टीने उत्तरच नाही. शेजारचा मुलगा समभुज म्हटलं की तिरका, शंकरपाळ्यासारखा आकारच डोळ्यांपुढे आणतो. त्याला चौरस आठवतच नाही, तो (क)वर खूण करून पुढे जातो आणि गुण घेतो. ज्याला कमी येतं त्याला गुण आणि जिला जास्त येतं ती अडकलेली, हा भाषांतर बिघडल्याचा पक्का पुरावा. पेपर तपासताना वरच्या नंबरातल्या मुलांनीच नेमका एखादा प्रश्न सोडलेला दिसला, तर आधी मराठी वाक्य वाचायचं, मग मुलांना बोलायचं.

गणितवेडा
सरांची बाजू अगदीच लंगडी नाही हं. ‘समभुज चौकोनाचे कर्ण समान असतात’ हे विधान सरसकट सगळ्या समभुज चौकोनांबद्दल आहे. एक जरी समभुज चौकोन असा सापडला की ज्याचे कर्ण समान नाहीत, तरी विधान असत्य. तर्कशास्त्राने सर बरोबर.

दुभाष्या
तर्कशास्त्राने बरोबर, मान्य. पण तो ‘सगळ्या’ पर्यायात छापलाय कुठे? ‘कर्ण समान’ एवढंच लिहिलंय. इंग्रजीतल्या मुलाला ‘नीड नॉट’ने तो आपोआप मिळाला, मराठीतल्याने तो स्वतः मनात भरायचा. मग दोघांना एकच प्रश्न कसा झाला?

गणितवेडा
मग पर्यायात ‘नेहमी’ घाला. ‘कर्ण नेहमी समान असतात’. सरांचं ‘असत्य’ही राहील.

दुभाष्या
चालेल. फक्त ‘नेहमी’ चारही पर्यायांत घाला. एकट्या (क)त घातलात तर तो शब्दच उत्तराकडे बोट दाखवेल.

नववीची_आई
इथे सेमीचे शिक्षक दिसताहेत म्हणून विचारते. मुलीला दहावीला सेमीतच ठेवू की मराठीत आणू? गेल्या चाचणीत ‘इव्हॅल्युएट’ शब्दावर अडली आणि प्रश्नच सोडून आली. घरी मी म्हटलं, अगं, किंमत काढ असा अर्थ. तर म्हणे, एवढंच होतं? मग येत होतं की मला!

खडूफळा
ताई, माध्यमाचा धागा वेगळा काढूया का? पण तुमच्या मुलीचं उदाहरण कामाचं आहे. ‘किंमत काढा’ आणि ‘इव्हॅल्युएट’ यांत गणित तेच, पण एक शब्द बाजारात रोज कानावर पडतो आणि दुसरा फक्त पेपरात भेटतो.

दुभाष्या
तेच मी आता सांगणार होतो. खडूफळा, तुमचं मराठी वाक्य बरोबर आहे, तरीही हा प्रश्न दोन्ही भाषांत सारखा अवघड नाही. पर्याय (अ) बघा, ‘चारही बाजू समान’. मराठीत चौकोनाचं नावच समभुज. ज्याने धडा उघडलाही नाही, तो नाव वाचूनच (अ) बाद करतो. उरले तीन. सेमीच्या मुलाला ‘रॉम्बस’ शब्दातून काडीचाही सुगावा लागत नाही, त्याला तो आकार आठवावाच लागतो. म्हणजे नुसता अंदाज मारणाऱ्याला मराठीत तिनात एक संधी, इंग्रजीत चारात एक. अशा चार-पाच प्रश्नांत दोन तुकड्यांची सरासरी हलते. मग पालकसभेत कोणीतरी उठून म्हणतं, सेमीची मुलं भूमितीत कच्ची.

खडूफळा
अरे देवा. हे लक्षातच आलं नव्हतं. मग मराठीत नाव बदलू? ‘रॉम्बस’च लिहू?

पेठकर
खबरदार! नाव आपलं अर्थ सांगतं हा आपला दोष कधीपासून झाला? समद्विभुज, चक्रीय, समांतरभुज, सगळी कशी बोलकी नावं. इंग्रजीला ग्रीक पाठ करावं लागतं तो त्यांचा प्रश्न.

दुभाष्या
नावाला हात लावायचा नाही. पुस्तकात जे आहे तेच पेपरात. बदलायचा तो पर्याय, आणि तोही दोन्ही भाषांत. (अ)च्या जागी ‘कर्ण संमुख कोनांना दुभागतात’ घाला. समभुज चौकोनात हे कायम खरं असतं, नावातून कळत नाही आणि इंग्रजीतही तेवढंच आठवावं लागतं. इंग्रजी पेपर मूळ म्हणून देव्हाऱ्यात बसवायचा आणि मराठीने त्याच्यामागून फरफटत जायचं, असं केलं की हे कधीच सापडत नाही. मराठी करताना जिथे अडलं तिथे उलटं जाऊन इंग्रजी दुरुस्त करायचं. ‘पीसा’सारख्या आंतरराष्ट्रीय चाचणीत तर दोन भाषांतरकार एकमेकांचं न बघता भाषांतर करतात आणि तिसरा बसून दोन्ही जुळवतो. तुमच्याकडे तेवढी माणसं नसणार. पण नुसता मराठी पेपर दुसऱ्या एखाद्या शिक्षकाला द्या आणि मूळ न दाखवता त्याच्याकडून इंग्रजी करून घ्या. सरांचं ‘असत्य आहे’ तिथे ‘इज फॉल्स’ होऊन परत आलं असतं आणि फरक तिथेच दिसला असता. (अ)ची गळती मात्र या युक्तीने सापडत नाही. ‘समभुज’चं परत येताना मुकाट्याने ‘रॉम्बस’च होतं.

गणितवेडा
सगळी नावं बोलकी नसतात हो पेठकर. ‘समलंब’ ऐकून माझ्या क्लासमधली निम्मी मुलं त्यात काटकोन शोधतात. तिथे ‘ट्रॅपेझियम’वालाच सुखी, त्याला नाव फसवत नाही. मग तिथे मराठी पेपर अवघड झाला ना?

पेठकर
ते शिकवणाऱ्याचं अपयश. आणि ‘कर्ण’ तरी बघा. कान या अर्थाचा शब्द, कोपऱ्याच्या कानापासून कानापर्यंत जाणारी रेघ. काय सुंदर आहे! तिथे तर कोणी फसत नाही.

गणितवेडा
कानाची व्युत्पत्ती तुमची तुम्हाला लखलाभ, पण ‘कर्ण’ला तर सगळ्यात जास्त फसतात. चौकोनाचाही कर्ण आणि काटकोन त्रिकोणाचाही कर्णच. इंग्रजीत डायगोनल वेगळा, हायपोटेन्यूज वेगळा. हा गोंधळ पाठ्यपुस्तक मंडळाने घातलाय.

दुभाष्या
मंडळाला उगाच का? भास्कराचार्यांची लीलावती ११५०ची. तिथे त्रिकोणात भुज, कोटी, कर्ण येतात आणि चौकोनाच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतच्या रेघेलाही कर्णच म्हटलंय. आयत त्या रेघेवर कापला की दोन काटकोन त्रिकोण पडतात आणि आयताचा कर्ण तोच त्यांचा कर्ण, तेव्हा एकच नाव असणं फार विचित्र नाही. पेपरात मात्र सांभाळायचं. आकृतीत चौकोन आणि काटकोन त्रिकोण दोन्ही असतील तर नुसतं ‘कर्णाची लांबी काढा’ लिहू नका. ‘त्रिकोण ABE चा कर्ण AE’ असं लिहा. इंग्रजीत दोन निराळ्या शब्दांनी जे सांगितलं, ते मराठीत अक्षरांनी सांगावं लागतं.

अभ्यासिकेतला
एवढी डोकेफोड कशाला? ‘शंका असल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य’ अशी ओळ वर टाका. नीटला तेच असतं. आम्ही स्पर्धा परीक्षावाले तर मराठी वाचून अडलो की शेजारचं इंग्रजी बघतो. ‘समभुज’ नाही कळलं तर ‘रॉम्बस’, ‘रॉम्बस’ नाही कळलं तर ‘समभुज’.

खडूफळा
माझ्या मराठी तुकडीच्या हातात इंग्रजी पेपर नसतो ना. त्यांनी काय ग्राह्य धरायचं?

दुभाष्या
आणि त्या ओळीने भांडण मिटतं असंही नाही. २०१८च्या नीटमध्ये तमिळ पेपरातल्या ४९ प्रश्नांच्या भाषांतरावरून मद्रास उच्च न्यायालयाने तमिळमधून परीक्षा दिलेल्यांना प्रश्नामागे ४ प्रमाणे १९६ गुण द्यायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते पुढे रद्द केलं. सरसकट गुण दिले की ज्याचं काही अडलं नव्हतं त्यालाही मिळतात, आणि न द्यावेत तर अडलेल्याने काय करायचं? पेपर छापून वाटल्यावर या प्रकाराला बरा इलाज उरत नाही.

खडूफळा
चाचणी झाल्यावर तरी कळेल का, प्रश्न सारखा पडला की नाही? मराठी तुकडीत ४०, सेमीत ८०.

दुभाष्या
नुसत्या तुकड्यांच्या टक्केवारीची तुलना करू नका, मुलंच निराळी असतात. हा एक प्रश्न वगळून उरलेल्या पेपरात साधारण सारखे गुण पडलेल्यांचे गट करा, समजा वरचे, मधले आणि खालचे. मग मधल्या गटातल्या मराठीच्या किती जणांनी हा प्रश्न बरोबर सोडवला आणि सेमीच्या किती जणांनी, ते बघा. तिन्ही गटांत फरक एकाच बाजूला झुकला तर संशय घ्यायचा. मराठीच्या चाळीसांत एकेका गटात तेरा-चौदा मुलं येणार, त्यामुळे दोघा-तिघांचा फरक योगायोगानेही पडतो. निकाल लावू नका, फक्त तो प्रश्न पुढच्या वर्षी पुन्हा वाचायचा म्हणून बाजूला काढा.

खडूफळा
ठीक. (अ) बदलते. ‘असेलच असे नाही’ ठेवून ‘नाही’ ठळक छापते, मराठीत ते अगदी शेवटी येतं आणि घाईत निसटतं. ‘नॉट’ही ठळक करते. सर अजून ‘असत्य’वर ठाम आहेत, उद्या पुन्हा बोलते.

पेठकर
‘ठळक छापते’ वाचून बरं वाटलं. लोक हल्ली ‘बोल्ड करते’ म्हणतात. पण ‘सेमी’ला काही मराठी आहे की नाही?

गणितवेडा
अर्ध-इंग्रजी.

पेठकर
अर्धमराठी का नाही?

नववीची_आई
माझ्या प्रश्नाचं कोणी सांगेल का?