प्रतिसाद: आधी कीटोन झाकायचा, मग एस्टर

> 'इथाइल अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटमधल्या फक्त एस्टरचं क्षपण हवंय. कीटोन आधी झाकायचा कशाला? दोन पायऱ्या वाढतात.'

कीटोन एस्टरपेक्षा जास्त क्रियाशील असतो. सौम्य NaBH4 घेतलं तर आधी तोच जातो, आणि LiAlH4 दोघांनाही सोडत नाही. म्हणून एथिलीन ग्लायकॉल आणि चिमूटभर पॅरा-टोल्यूइनसल्फॉनिक आम्ल घालून टोल्यूइनमध्ये उकळा. डीन-स्टार्क सापळ्यात पाणी साचायचं थांबलं, की केटल तयार झालं असं समजा. केटल हायड्राइडला अजिबात दाद देत नाही, त्यामुळे आता LiAlH4 बिनधास्त वापरा. एस्टरचं अल्कोहोल होईल. शेवटी विरल आम्लानं कीटोन मोकळा करा. इथे मात्र जपा: आम्ल तीव्र असेल किंवा मिश्रण तापलं, तर पाण्याचा रेणू निघून मिथाइल व्हिनाइल कीटोन हाती येतो.