शब्दचर्चा: 'टोटल रिटर्न इंडेक्स'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेडी
गुंतवणूकदारांसाठीच्या एका माहितीपुस्तिकेचं भाषांतर करतेय. दर दोन पानांनी 'प्राइस रिटर्न' आणि 'टोटल रिटर्न' येतं. मी 'किंमत परतावा' आणि 'एकूण परतावा' लिहून मोकळी झाले. संपादक म्हणाले, 'एकूण' म्हणजे कशाकशाची बेरीज? मला सांगता येईना. त्यातून निफ्टी ५० चे दोन आकडे शेजारी छापलेत आणि दुसरा पहिल्याच्या जवळजवळ दीडपट आहे. कंपन्या त्याच पन्नास, मग आकडे दोन कसे?

रानजाई
'परतावा' शब्दच टाळा. आमच्या ऑफिसात परतावा म्हणजे इन्कम टॅक्सचा रिफंड. आणि रिटर्न म्हणजे विवरणपत्र. ते जुलैत भरायचं असतं.

शब्दवेडी
तो रिटर्न नव्हे हो. गुंतवणुकीवर सुटलेला नफा या अर्थाचा.

ठाण्याचा गणू
एवढं काय त्यात? शेअरची किंमत वाढते तो एक भाग, कंपनी लाभांश देते तो दुसरा. टीव्हीवर दिसतो तो निफ्टी फक्त किंमत मोजतो. लाभांश धरला की टोटल रिटर्न. निफ्टीतल्या कंपन्या वर्षाला सव्वा-दीड टक्का लाभांश देतात. १.३ धरा, गुणिले ३० वर्षं, ३९ टक्के. तोच तुमचा 'जवळजवळ दीडपट'. 'लाभांशासह निर्देशांक' लिहा आणि पुढच्या पानावर जा.

जुना सब-ब्रोकर
गणूभाऊ, दिशा बरोबर आहे, पण गुणाकारात मुख्य गोष्ट हरवली. मुळापासून सांगतो.

कंपनीचा शेअर ज्या दिवशी 'एक्स' होतो, म्हणजे त्या दिवसापासून विकत घेणाऱ्याला जाहीर झालेला लाभांश मिळत नाही, त्या दिवशी भाव साधारण लाभांशाइतका खाली उघडतो. कंपनीच्या गल्ल्यातले पैसे बाहेर चालले, मग भाव उतरणारच. ज्याच्याकडे शेअर आहे त्याचं नुकसान काहीच नाही. एका खिशातून दुसऱ्यात. पण निफ्टी फक्त पहिला खिसा बघतो. आयटीसी, कोल इंडिया, टीसीएस असे सढळ हाताने देणारे शेअर एक्स झाले की निर्देशांक काही अंशांनी खाली येतो आणि ते अंश त्याच्या हिशेबात परत कधीच येत नाहीत.

टोटल रिटर्नवाला निर्देशांक त्याच दिवशी ते अंश परत घालतो. सोयीचे आकडे घेऊ. काल निफ्टी २०,००० होता आणि त्याचा टोटल रिटर्न भाऊ २९,०००. आज निफ्टी १९,९८० वर बंद झाला, पण आज एक्स झालेल्या शेअरांचा लाभांश निर्देशांकाच्या मापात ३० अंश आहे. १९,९८० अधिक ३० म्हणजे २०,०१०, कालच्यापेक्षा ०.०५ टक्के जास्त. म्हणून २९,००० वर ०.०५ टक्के चढवायचे: २९,०१४.५. बातम्यांत 'निफ्टी २० अंशांनी घसरला', आणि ज्याच्याकडे ते पन्नास शेअर आहेत तो त्या दिवशी नफ्यात.

आता नीट बघा. ३० अंश नुसते बाजूला जमा झाले नाहीत. टक्केवारी २९,००० वर लागली. म्हणजे आजवरच्या लाभांशांतून जे घेतलं, त्यालाही आजचा लाभांश मिळाला. गणूच्या हिशेबात हे नाही.

ठाण्याचा गणू
चक्रवाढ म्हणायचंय ना? मान्य. पण सव्वा टक्क्याची चक्रवाढ किती होणार? ३९ चे ४७ होतील.

जुना सब-ब्रोकर
४७ पेक्षा जरा कमीच. पण ते कशावर, ते बघ.

१ लाख रुपये, ३० वर्षं. भाव वर्षाला १० टक्के वाढतो, वर्षारंभीच्या भावावर १.३ टक्के लाभांश मिळतो. हे गृहीत धरलेले आकडे, कुणी भविष्य समजू नका. नुसत्या भावाने १ लाखाचे साधारण १७.४५ लाख होतात. लाभांश दरवर्षी घरात घेऊन खर्च केला, तर ३० वर्षांत हातात आलेल्या साऱ्या लाभांशांची बेरीज २.१४ लाख. एकूण १९.६ लाखाच्या आसपास. आणि प्रत्येक लाभांशाचे पुन्हा तेच शेअर घेत गेलात तर शेवटी २४.८ लाख.

म्हणजे लाभांश दिसायला २.१४ लाखाचा, पण गुंतवत राहिल्यावर अंतर पडलं ७.३७ लाखांचं. उरलेले सव्वापाच लाख लाभांशातून घेतलेल्या शेअरांनी कमावले, आणि त्यातले साधारण निम्मे पहिल्या दहा-बारा वर्षांतल्या चिल्लर वाटणाऱ्या रकमांनी. म्हणून 'लाभांशासह' मला अपुरं वाटतं. १९.६ लाखसुद्धा लाभांशासहच आहेत की!

शब्दवेडी
काका, आता संपादकांना उत्तर देता येईल. मग 'लाभांश-पुनर्गुंतवणूक निर्देशांक'? बरोबर आहे, पण जिभेला जड.

कऱ्हाडचे आप्पा
माझा अनुभव सांगतो. माझ्याकडे एका फंडाचा लाभांशवाला पर्याय आहे, बरीच वर्षं. दर मार्चला लाभांश येतो, कधी ८ टक्के, कधी १२. निफ्टीचा जेमतेम सव्वा टक्का. मग माझा फंड टोटल रिटर्नमध्ये निफ्टीच्या कितीतरी पुढे असला पाहिजे ना?

जुना सब-ब्रोकर
आप्पा, तो लाभांश आणि हा लाभांश वेगळे. कंपनी नफ्यातून देते तो इथला विषय. फंड देतो ते तुमच्याच युनिटांतून काढून दिलेले पैसे. वाटप झाल्यावर एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, तेवढी उतरते. शिवाय ते ८ किंवा १२ टक्के बऱ्याचदा १० रुपयांच्या दर्शनी किमतीवर सांगत. एनएव्ही ४० असेल तर १२ टक्के म्हणजे १ रुपया २० पैसे, प्रत्यक्षात ३ टक्के. याच घोळामुळे बाजार नियामक सेबीने एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाचं नाव बदलायला लावलं. आता स्टेटमेंटवर 'आयडीसीडब्ल्यू' दिसत असेल, त्यातल्या शेवटच्या दोन अक्षरांचा अर्थच भांडवल काढून घेणे.

कऱ्हाडचे आप्पा
दिसतं खरं. मला वाटलं बँकेचा कसला कोड.

फ्रँकफर्टची मेधा
इथे जर्मनीत उलटी तऱ्हा आहे. बातम्यांत सांगतात तो डाक्स निर्देशांक मुळातच टोटल रिटर्न, लाभांश आत धरलेला. नुसत्या किमतीचा डाक्स वेगळा असतो, त्याला 'कुर्सइंडेक्स' म्हणतात, पण त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. दोघांची सुरुवात १९८७ अखेरच्या १,००० पासून, आणि आज किमतीवाला आकडा दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी आहे. तरी लोक डाक्स आणि अमेरिकेचा डाऊ एकाच आलेखावर काढून कोण पुढे ते ठरवतात. डाऊ नुसत्या किमतीचा! माझ्या ऑफिसातले शिकलेसवरलेलेही हेच करतात. निर्देशांकाच्या नावात हे कळत नाही, हीच खरी गोम आहे.

ठाण्याचा गणू
मेधाताई, मग भारतातले फंडवाले कशाशी तुलना करतात?

जुना सब-ब्रोकर
पूर्वी सर्रास किमतीच्या निर्देशांकाशी. फंडाकडे शेअर असतात, त्यांचा लाभांश फंडात जमा होतो, पैसे न वाटणाऱ्या ग्रोथ पर्यायाच्या एनएव्हीत मुरतो. आणि तुलना कुणाशी, तर ज्याने लाभांश कधी पाहिलाच नाही अशा निर्देशांकाशी. म्हणजे शर्यत सुरू होण्याआधीच फंड दरवर्षी सव्वा टक्का पुढे. सेबीने ४ जानेवारी २०१८ च्या परिपत्रकाने हे थांबवलं आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून टोटल रिटर्नशीच तुलना सक्तीची केली. 'निफ्टीला हरवलं' म्हणून मिरवणारे काही फंड त्या दिवशी नुसत्या मोजपट्टीने मागे पडले.

तुलना चुकलीय हे ओळखायची सोपी खूण सांगतो. कुणी दाखवलं की निफ्टीतलेच शेअर घेणारा साधा इंडेक्स फंड दहा वर्षं निफ्टीच्या पुढे आहे, तर समजा समोर किमतीचा निफ्टी ठेवलाय. इंडेक्स फंडाला खर्च असतो, तो आपल्याच निर्देशांकापेक्षा किंचित मागे राहायला हवा. टीआरआयशी, म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्सशी लावून बघा, मागेच निघेल.

रानजाई
आता मलाही रस वाटायला लागला. पण बाजार तेजीत असताना सव्वा टक्क्याची कोणाला पडलीय?

जुना सब-ब्रोकर
तेजीत नसेल पडली. ८ जानेवारी २००८ ला निफ्टी ६,२८७ वर बंद झाला. ३१ डिसेंबर २०१३ ला ६,३०४. सहा वर्षं, वाढ जवळपास शून्य. त्या काळात ज्याने काही कमावलं ते फक्त लाभांशाने, ढोबळ सात-आठ टक्के. बँकेच्या ठेवीपुढे ते काहीच नव्हे, हेही खरं. पण किमतीचा आलेख बघणाऱ्याला ते सात-आठ टक्केसुद्धा दिसत नाहीत.

शब्दवेडी
म्हणजे टोटल रिटर्न हाच खरा आकडा आणि दुसरा खोटा?

फ्रँकफर्टची मेधा
नाही गं. टोटल रिटर्नही जरा स्वप्नातलाच आहे. लाभांश एक्सच्या दिवशीच गुंतवला असं धरतात, पैसे खात्यात येतात काही आठवड्यांनी. ब्रोकरेज नाही, अर्धामुर्धा शेअरही घेता येतो. आणि कर शून्य. म्हणून एमएससीआयसारखे निर्देशांक काढणारे लोक तिसरा आकडाही काढतात, लाभांशावरचा कर वजा केलेला.

जुना सब-ब्रोकर
कराचा मुद्दा आपल्याकडे २०२० नंतर जास्त बोचतो. मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनीच भरायची, हातात येणारा लाभांश बहुतेकांना करमुक्त. आता तो तुमच्या उत्पन्नात धरतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातला माणूस स्वतः शेअर धरून लाभांश गुंतवेल तर १.३ पैकी ०.९ च गुंतेल. म्युच्युअल फंडाला मिळालेल्या लाभांशावर फंड कर भरत नाही, त्यामुळे ग्रोथ पर्यायातला माणूस टीआरआयच्या बराच जवळ राहतो. किमतीचा निर्देशांक खोटा नव्हे, त्याचं काम वेगळं. निफ्टीचे फ्यूचर्स-ऑप्शन्स त्याच्यावरच चालतात.

ठाण्याचा गणू
'एकूण' नको एवढं पटलं. 'लाभांश-गुंतवून निर्देशांक' कसं वाटतं?

शब्दवेडी
व्याकरण रडेल. 'सलाभांश' सुचलं होतं, पण काकांचे १९.६ लाख आडवे येतात. सध्या 'टीआरआय'च ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे एक वाक्य घालते: 'मिळालेला प्रत्येक लाभांश त्याच शेअरांत पुन्हा गुंतवला असे धरून काढलेला निर्देशांक'.

रानजाई
'त्याच शेअरांत' की 'त्याच निर्देशांकात'? टीसीएसचा लाभांश टीसीएसमध्येच जातो का?

जुना सब-ब्रोकर
छान पकडलंत. निर्देशांकात, सगळ्या पन्नास शेअरांत त्यांच्या वजनाप्रमाणे. मीही वर 'तेच शेअर' म्हटलं ते या अर्थाने. शब्दवेडी, तेवढं बदला.

कऱ्हाडचे आप्पा
माझं एक राहिलं. मी निवृत्त, येणारा लाभांश घरखर्चाला लागतो. माझा हिशेब किमतीच्या निर्देशांकाशी लावू की तुमच्या त्या टीआरआयशी?

ठाण्याचा गणू
किमतीच्या. तुम्ही गुंतवतच नाही ना.

जुना सब-ब्रोकर
मला नाही पटत. फंडाची निवड तपासायची असेल तर टीआरआयच हवा, आणि फंडाने वाटलेले पैसेही परत जमेस धरून. पैसे पुरतील का, हा प्रश्न मात्र दोन्हींपैकी कुठलाच निर्देशांक सोडवत नाही.